दहा वर्षांचं काय सांगू?

"लग्नाआधी आणि नंतरही मिळून सात वर्षं नोकरी केली, मग दहा वर्षं घरी. आता प्रोफाइल लिहायला बसले की हात थांबतो. सगळं खरं लिहिलं तर कोण घेईल? आणि गाळलं तर मी खोटारडी ठरणार नाही का?" (एक ताई, अमळनेर)

ताई, भुसावळच्या एका बाईंची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

त्या जळगावात एका सीएंच्या ऑफिसात होत्या. २०१३ साली नोकरी सुटली, २०२३ मध्ये माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "मधल्या काळात काय केलंत, एवढंच सांगा," आणि घड्याळ लावलं. चार मिनिटं बोलल्या. त्यात सासऱ्यांचा पक्षाघात, दीरांशी वाटणी, गर्भपात, त्यानंतर नैराश्यावरचे उपचार, मुलीची शाळा असं सगळं आलं. कामाबद्दल एक वाक्य आलं, तेही शेवटी: "भावाच्या दुकानाचं थोडंफार बघायचे."

मी त्या 'थोडंफार'वर थांबलो. भावाचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याला कर नाही, रासायनिक खताला ५ टक्के, कीटकनाशकाला १८ टक्के, आणि तिन्ही बहुतेकदा एकाच बिलावर. शेवटची दोन वर्षं दर महिन्याला खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या GSTR-2B शी, म्हणजे व्यापाऱ्यांनी चढवलेल्या बिलांच्या यादीशी, ताडून बघायचं काम याच बाई करत होत्या. एखाद्या व्यापाऱ्याने बिल चढवलं नसेल तर फोन करून पाठपुरावाही त्याच करत. २०१३ मध्ये त्यांनी ऑफिस सोडलं तेव्हा व्हॅट होता. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. म्हणजे समोरच्याला जी खरी शंका येणार, 'हिला आताचं येतं का?', तिचं उत्तर त्यांच्याकडे होतं आणि त्या ते तोंडातल्या तोंडात बोलत होत्या.

पुढची चूक माझी. उत्साहात मी मधल्या दहा वर्षांपुढे 'स्वतंत्र लेखा सल्लागार' असं लिहायला लावलं. एका डाळ मिलच्या शेठजींनी विचारलं, "कोणाकोणाचं काम बघत होत्या?" बाई गप्प झाल्या. शिवाय आपल्याकडे संध्याकाळपर्यंत कोणाचा तरी मावसभाऊ सापडतोच आणि माणूस घरी होता की कामावर, हे कळतंच. ती नोकरी गेली.

मग आम्ही चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक गोष्ट, अशा चौदा झाल्या. प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले. हे ऐकून समोरचा कामाबद्दल काही ठरवणार आहे का? आणि त्याने यावर आणखी दोन प्रश्न विचारले, तर आवाज न कापता उत्तर देता येईल का? दोन्हींना 'हो' आलं त्या गोष्टी लिहायच्या. पहिल्याला 'नाही', पण लोकांना ठाऊक असलेल्या, त्या विचारल्या तरच एका वाक्यात सांगायच्या. सासऱ्यांचं आजारपण तिथे गेलं. गर्भपात, उपचार आणि वाटणी घरातच राहिली.

कारण गाळता येतं, पण वर्षं गाळायची नाहीत. जुनी नोकरी २०१५ पर्यंत ओढली की ऑफिसातला एक फोन पुरतो. लिंक्डइनवर कामाच्या अनुभवातच 'Career break' अशी नोंद करता येते. आम्ही तीच केली, कारण लिहिलं 'घरातल्या आजारी माणसाची काळजी'. दुकानाचं काम दोन वर्षांचंच दाखवलं, 'कुटुंबाच्या दुकानासाठी' हे शब्द ठेवून. त्या शब्दांना बाईंचा विरोध होता, कमीपणा वाटत होता. पण ते असले की भावाचा फोन नंबर बिनधास्त देता येतो.

तुमचंही एखादं आजारपण असेल तर एक अपवाद लक्षात ठेवा. त्यामुळे कामाच्या वेळेत काही लागणार असेल, समजा महिन्यातून एक दिवस नाशिकला जावं लागतं, तर ती गरज सांगायची. आजाराचं नाव सांगायची गरज नाही.

शेवटी चार मिनिटांची तीन वाक्यं झाली: "सात वर्षं सीएंकडे व्हॅट आणि ऑडिटचं काम केलं. मग सासऱ्यांच्या आजारपणात घरी होते, ती जबाबदारी आता संपली आहे. दोन वर्षं भावाच्या दुकानाचं जीएसटीचं काम करते, गेल्या महिन्याचा तक्ता सोबत आणला आहे." तक्त्यातली व्यापाऱ्यांची नावं आणि नंबर झाकले होते.

पुढच्या मुलाखतीत पाइपांच्या एका कारखान्यात साहेबांनी तो तक्ताच पुढे ओढला आणि न जुळणाऱ्या दोन बिलांवर अर्धा तास बोलले. मधल्या वर्षांबद्दल एकच प्रश्न आला, "सासरे आता?" "गेल्या वर्षी गेले." बस्स. पगार अपेक्षेपेक्षा कमी ठरला, तीन महिने चाचणी म्हणून. आता पक्क्या आहेत, आणि GSTR-1 हे विक्रीचं विवरण भरायची ११ तारीख जवळ आली की माझा फोन उचलत नाहीत.