तरंगते की बुडते: दुसरीसाठी नोंदतक्ता

प्रश्न: दुसरीच्या मुलांसाठी तरंगणे-बुडणे प्रयोग घ्यायचाय. अंदाज आणि निकालाचा तक्ता कसा करू?

उत्तर: तीनच रकाने ठेवा: वस्तूचं चित्र, माझा अंदाज, काय झालं. तरंगली तर ↑, बुडाली तर ↓. अंदाज पाण्याआधी आणि पेनानेच भरून घ्या. पेन्सिल दिली की निकाल पाहून मुलं गुपचूप खोडतात.

पारदर्शक टबात वीतभर पाणी घ्या. नाणं, बाटलीचं झाकण, संत्रं, स्टीलची वाटी एवढं पुरे. संत्रं सालीसकट तरंगतं, सोललं की बहुतेक वेळा बुडतं, कारण सालीत हवा असते.

गोंधळ वाटीवर होतो. अलगद सरळ ठेवली तर तरंगते, तिरकी सोडली की पाणी भरून तळाला जाते. म्हणून तक्त्यात ‘वाटी सरळ’ आणि ‘वाटी तिरकी’ अशा दोन ओळी हव्यात.