पे स्टबवर ओव्हरटाइम शून्य

प्रश्न: मी ऑन्टारिओत वेअरहाऊसमध्ये आहे. करारात तासाचा दर लिहिलाय, तरी पगार कमी येतोय असं वाटतं. टाइमशीट आणि ओव्हरटाइम कसा पडताळायचा?

उत्तर: आधी पंधरवड्याचे दोन आठवडे वेगळे करा. ऑन्टारिओत ओव्हरटाइम आठवड्याच्या ४४ तासांनंतर, दीडपट दराने मिळतो. पगार मात्र बहुतेकांचा पंधरवड्याने होतो, आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे.

माझा दर २० डॉलर होता. ब्लॅक फ्रायडेच्या आठवड्यात ५० तास भरले, पुढच्या आठवड्यात माल नव्हता म्हणून ३६. पे स्टबवर एकच ओळ: ८६ तास, १७२० डॉलर. मला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीतली बाई म्हणाली, "दोन आठवड्यांचे ८८ होईपर्यंत ओव्हरटाइम नसतो." असं काही नसतं. पहिल्या आठवड्याचे ४४ तासांचे ८८०, वरच्या ६ तासांचे ३० डॉलरने १८०, आणि दुसऱ्याचे ७२०. झाले १७८०. आठवड्यांची सरासरी काढायची तर तसा लेखी करार लागतो. तो मी मागितला, तर बाईंनी फोन होल्डवर ठेवला. पुढच्या स्टबवर ६० डॉलर 'अॅडजस्टमेंट' या नावाने गुपचूप आले.

आमचा रूममेट मात्र, "६० डॉलरसाठी शिफ्ट घालवशील" हेच घोकत होता. तो माझ्याआधीपासून तिथे होता, त्याचे असे किती पंधरवडे बुडाले ते त्याने कधी मोजलं नाही. कामगार मंत्रालयाकडे तक्रार फुकट करता येते, पण साधारण २ वर्षांच्या आत. तो अजून विचारच करतोय, आणि भित्रा मी नाही, तो आहे.

दुसरी गोष्ट मिनिटांची. ८ तास ४५ मिनिटं म्हणजे ८.७५, पण टाइमशीटवर सर्रास ८.४५ चढवतात. दिवसाला १८ मिनिटं गेली, पाच दिवसांत दीड तास. पंचिंगच्या वेळांचा रोज फोटो काढून ठेवा. जेवणाचा अर्धा तास बिनपगारी असू शकतो, पण त्या वेळात काम करायला लावलं तर तो कामाचाच वेळ. आणि ताडून पाहताना ग्रॉस रक्कम धरा, कर कापून खात्यात आलेली नको.

हो, हे सगळ्यांना लागू नाही. मॅनेजर आणि आयटीवाले यातून वगळलेत. युनियन असेल तर तक्रार तिच्यामार्फत जाते. करारात ४० तासांनंतर ओव्हरटाइम लिहिला असेल तर ४० धरा. ४८ लिहिला असेल तर सही केलेली असली तरी ते चालत नाही, सरासरीचा लेखी करार नसेल तर ४४च. हक्क मागितला म्हणून काढणं बेकायदा आहे, पण एजन्सी नुसता फोन करायचं थांबवू शकते आणि मग ते सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून पहिली विचारणा ईमेलवर करा, फोनवर नको.