पाचव्या महिन्याची सोनोग्राफी आणि बाहेरचं बाकडं

प्रश्न: पहिलटकरणीवर लघुकथा लिहितेय. सांगलीतलं खासगी सोनोग्राफी सेंटर. मधुराचा अ‍ॅनोमली स्कॅन झालाय, नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून सोबत सासू आहे. मी लिहिलंय की चार दिवसांनी रिपोर्ट येतो आणि पाकीट उघडताना मधुराचे हात थरथरतात. मैत्रीण म्हणते असं काही नसतं. मग नक्की काय घडतं, आणि वाट बघण्याचा ताण कुठे आणू?

उत्तर:

मैत्रीण बरोबर सांगतेय. दिवस मोजत वाट बघावी लागते ती रक्ताच्या तपासणीची, म्हणजे डबल मार्करसारख्या. गर्भजल काढलं असेल तर पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडेही जातात. सोनोग्राफीत डॉक्टर समोरच बघत असतात. जे काही आहे ते मधुरा टेबलावरून उठायच्या आधी त्यांना ठाऊक झालेलं असतं. त्यानंतर रिपोर्ट टाइप होऊन सही व्हायला अर्धा-पाऊण तास, गर्दी असेल तर तास. त्यामुळे चार दिवस काढून टाका. ताण शोधायचा तो टेबलावरच्या शांततेत, आणि त्याहून जास्त "जरा फिरून या" या वाक्यात.

आधी टेबल. अ‍ॅनोमली स्कॅन म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी, ती साधारण अठरा ते वीस आठवड्यांत करतात. मधुराला १९ आठवडे ४ दिवस झालेत असं धरू. आत जाण्याआधी एफ फॉर्म, म्हणजे गरोदरपणातल्या सोनोग्राफीसाठीचा सरकारी अर्ज, भरला जातो, ओळखपत्राची झेरॉक्स लागते, स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी लागते. बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, या मजकुराखाली तिची सही होते. सासू तेव्हा शेजारीच असते, पण बऱ्याच ठिकाणी आत तिला घेत नाहीत. घेतलंच तर शेवटची दोन मिनिटं. म्हणजे जे आत घडतं त्यातलं सासूला काहीच माहीत नसतं, तिला फक्त सुनेचं तोंड दिसतं.

आत तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि त्यातली बहुतेक शांततेत जातात. डॉक्टर गप्प असतात, कारण मापं चाललेली असतात. चित्र थांबवायचं, दोन छोटी अधिक चिन्हं दोन टोकांना ठेवायची, आकडा साठवायचा, पुढे जायचं. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड. मग मेंदूतल्या पोकळ्या, ओठ, पाठीचा कणा वरून खालपर्यंत, हृदय, जठर, मूत्रपिंडं, नाळ जिथे पोटाला लागते ती जागा, हातपाय. बोलून लक्ष विचलित झालं तर काही राहून जाईल म्हणून तेव्हा बोलत नाहीत. पहिलटकरणीला हे कुणी सांगितलेलं नसतं. बऱ्याच सेंटरमध्ये तिच्यासाठी समोर टीव्हीसारखा वेगळा पडदा असतो आणि तिला एवढंच कळतं की पोटावर फिरवायचा प्रोब पुन्हा पुन्हा एकाच जागी येतोय. तुमच्या कथेत ती जागा हृदयाची ठेवा. कारण सांगतो.

या वयात बाळाचं हृदय अंगठ्याच्या नखाएवढं असतं आणि मिनिटाला १४०-१५०च्या आसपास धडधडत असतं. त्यात चार कप्पे दिसले पाहिजेत, आणि बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या एकमेकींना कात्री मारून जाताना दिसल्या पाहिजेत. बाळ पालथं असेल, म्हणजे त्याची पाठ आईच्या पोटाकडे असेल, तर कणा आणि बरगड्या मध्ये येतात. हाडातून ध्वनिलहरी पलीकडे जात नाहीत, मागे काळी सावली पडते आणि हृदय नेमकं त्या सावलीत जातं. डॉक्टर तिला कुशीवर वळायला सांगतात, पोट हलकेच दाबून बाळाला डिवचतात. तरी बाळ वळलं नाही तर म्हणतात, "हृदय नीट दिसलं नाही. बाहेर फिरा, काहीतरी खा, अर्ध्या तासाने परत बघू."

माझ्या मते तुमची कथा या वाक्यावर उभी राहते. डॉक्टर म्हणाले "नीट दिसलं नाही". मधुरा बाहेर येऊन तेच सांगते, पण घसा कोरडा पडलेला असतो, आणि सासूच्या कानावर पडतं ते "हृदय नीट नाही". एक शब्द गळला की पालथ्या झोपलेल्या बाळाचं आजारी बाळ होतं. दोघी पुढचा अर्धा तास दोन वेगळ्या बातम्या घेऊन चालतात. हे असं काहीसं लिहिता येईल:

"काय म्हणाले?"
"फिरून या म्हणाले. हृदय नीट... नाही दिसलं."
सासूने फाइल छातीशी धरली. "बरं," ती म्हणाली. "चल. आधी खाऊन घे."
दोघी फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या. सासूने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला, अर्धा मोडला, कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला.
"आमच्याकडे कुणाला नाही गं हृदयाचं," ती म्हणाली. "ह्यांना त्रास होता, पण तो साठीनंतर."
मधुरा थांबली. "आई, असं नाही म्हणाले ते."
"मग कसं म्हणाले?"

इथे मधुराला पहिल्यांदा तेच वाक्य स्वतः नीट ऐकावं लागतं. "दिसलं नाही म्हणाले. बाळाची पाठ वर आहे. सावली पडते." सासूला समजावताना तिला स्वतःला उलगडतं. मधुराच्या मनातली दुसरी शंका, म्हणजे सासू "आमच्याकडे" म्हणतेय तर बोट माहेरकडे दाखवतेय का, तीही याच जागी येऊन जाते. ती उघड बोलायला लावू नका. लाडूचा दुसरा अर्धा तिने घेतला की नाही, एवढ्यावर भागेल.

खायला का सांगतात, तर चालण्याने आणि खाण्याने बाळ कूस बदलायची शक्यता वाढते. हमी नसते. कधी दोन फेऱ्या होतात, कधी दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने बोलावतात. लघवी तुंबवून बसवू नका, पाचव्या महिन्यात सहसा त्याची गरज पडत नाही. ती चूक पुष्कळ कथांत दिसते.

दुसऱ्या फेरीत बाळ वळलेलं असू द्या. चार कप्पे दिसतात, दोन्ही वाहिन्या दिसतात. आणि डॉक्टर म्हणतात, "डाव्या कप्प्यात एक पांढरा ठिपका आहे. रिपोर्टमध्ये लिहावा लागेल, पण घाबरू नका." याला एकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस म्हणतात. हृदयाच्या झडपांच्या दोऱ्या धरून ठेवणाऱ्या स्नायूत चुन्याचा बारीक कण असतो, तो पडद्यावर हाडासारखा चमकतो. त्याने हृदयाच्या कामात बिघाड होत नाही. तो सोनोग्राफीत बऱ्यापैकी आढळतो, आशियाई बायकांच्या बाळांत अधिकच. त्याची नोंद करायचं कारण एवढंच की डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत तो थोडा जास्त वेळा दिसतो. म्हणून डॉक्टर लगेच विचारतात, "तिसऱ्या महिन्यातला एनटी स्कॅन आणि डबल मार्कर आणलाय का?" डाउन सिंड्रोमची जोखीम याच तपासण्यांतून काढलेली असते. ते रिपोर्ट कमी जोखमीचे असतील आणि ठिपका एकटाच असेल, तर पुढे वेगळी तपासणी लागत नाही. ते जुने कागद सासूच्या हातातल्या फाइलमध्ये असणं तुमच्या कामाचं आहे. मधुराला बाहेर येऊन मागावे लागतील, आणि "कशाला हवेत?" याला उत्तर द्यावं लागेल.

आता टाइप होणाऱ्या रिपोर्टची वाट. इथे बातमी कळलेली आहे, धास्ती आहे ती शब्दांची. रिपोर्ट इंग्रजीत असतो. हातात आल्यावर सासू, विशेषतः तुम्ही तिला निवृत्त शिक्षिका केलंत तर, आकड्यांच्या रकान्यावर बोट ठेवेल. तिथे प्रत्येक मापापुढे वेगळं वय छापलेलं असतं: डोकं १९ आठवडे ६ दिवस, मांडीचं हाड १९ आठवडे १ दिवस. "पाय मागे राहिलेत का गं?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. चार-पाच दिवसांचा फरक काहीच नाही, या वयात माप आठवडाभर इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. आणि शेवटी "बाळ पूर्ण निरोगी आहे" असं वाक्य कुठेच सापडणार नाही. लिहिलेलं असतं ते असं, की या तपासणीत ठळक व्यंग दिसलं नाही, आणि सगळी व्यंगं सोनोग्राफीत दिसतातच असं नाही. सासू ते वाक्य शोधत पानं उलटत राहील. त्या खाली डॉक्टरांचं प्रतिज्ञापत्र असतं, की गर्भाचं लिंग तपासलेलं किंवा कुणाला सांगितलेलं नाही.

लिंगाचा विषय निघालाच म्हणून एक विनंती. सासूच्या तोंडी "मुलगा आहे का?" घालू नका. भिंतीवर पाटी आहे, तिलाही वाचता येतं. गर्भलिंग तपासणीविरोधातला कायदा महाराष्ट्रात १९८८ मध्ये आला, देशात १९९४ मध्ये. त्या वयाच्या बायकांनी त्यातलं पुष्कळ जवळून पाहिलेलं असतं. तिची घाई दुसरीच असू शकते. कित्येक घरांत पाचव्या महिन्यात चोरओटी भरतात. तिने खण आणून ठेवलाय आणि रिपोर्ट आल्याशिवाय तो कपाटातून काढायचा नाही, असं मनाशी धरलंय, हे जास्त खरं वाटेल.

शेवट वाईट करायचा विचार असेल तर क्रम लक्षात घ्या. गंभीर काही दिसलं तर पाकीट हातात देऊन पाठवत नाहीत. दोघींना आत बसवतात, बहुधा नवऱ्याला फोन करायला सांगतात, स्त्रीरोगतज्ज्ञांशी डॉक्टर स्वतः बोलतात. फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञाकडे दुसरं मत घेतात, हृदयाचं असेल तर बाळाचा इको, म्हणजे फक्त हृदयाची सोनोग्राफी, करतात. घाई असते ती आठवड्यांमुळे. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपातासाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक परिस्थितीत दोघांचं, आणि चोवीसच्या पुढे फक्त गंभीर व्यंग असेल तर आणि मेडिकल बोर्डाच्या परवानगीने. १९ आठवडे ४ दिवसांच्या मधुराला हे आकडे कुणी न सांगता मोजता येतील. पण ती वेगळी, मोठी कथा होईल. या कथेत ठिपका पुरे.

थरथरणारे हात काढलेत तर त्यांच्या जागी जेल आहे. टेबलावर पोटावर लावलेलं जेल टिश्यूने कधीच पुरतं निघत नाही. वाळलं की सलवारीच्या नाडीपाशी कडक, चिकट पापुद्रा होतो. रिपोर्टचं पाकीट मोठं, पांढरं, आत गुळगुळीत कागदावर बाळाच्या चेहऱ्याची बाजू छापलेली. सासू चश्मा पुसून ते चित्र उजेडाकडे धरते, आधी उलटं, मग सुलटं. मधुरा नाक कुठे आहे ते दाखवायला हात पुढे करते आणि जेलचं बोट कागदाला लागू नये म्हणून मध्येच मागे घेते.