साधी, थोडी हसरी लग्नपत्रिका: बेळगावकडची

*प्रश्न: फेब्रुवारीत बेळगावात लग्न आहे. शंभर-सव्वाशे माणसं, तासाभरात अक्षता, मग जेवण. पत्रिका आजीला पटावी आणि मित्रांनाही हसू यावं, अशी कशी लिहायची? सासरचे काही पाहुणे कन्नडच वाचतात.*

पत्रिकेत विनोदाची जागा आधीपासूनच आहे. खाली कोपऱ्यात बारक्या पोरांच्या नावाने ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ छापतात ना, तीच. तुमची गंमत तिथे आणि वेळ-आहेराच्या ओळीत ठेवा. वरचा भाग, म्हणजे कुलदेवतेचं नाव, आईवडिलांची नावं आणि निमंत्रणाचं वाक्य, अजिबात हलवू नका. आजी तोच भाग वाचते, आणि ‘कै.’ लावलेलं आजोबांचं नावही तिथेच असतं. त्या नावाशेजारी कोटी आली की घरात कुणाला तरी लागतं.

मी अशी लिहीन:

॥ श्री गणेशाय नमः ॥
॥ श्री कुलदेवता प्रसन्न ॥

आमचे येथे श्रीकृपेकरून
चि. सौ. कां. (मुलीचं पूर्ण नाव)
(आईवडिलांची नावं, गाव) यांची कन्या
आणि
चि. (मुलाचं पूर्ण नाव)
(आईवडिलांची नावं, गाव) यांचे चिरंजीव
यांचा शुभविवाह माघ शुक्ल (तिथी), शके १९४८,
रविवार दि. १४ फेब्रुवारी २०२७ रोजी
सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी (स्थळ) येथे करण्याचे योजिले आहे.
तरी आपण सहकुटुंब येऊन वधूवरांस आशीर्वाद द्यावेत, ही विनंती.

अक्षतारोपण वेळेवर होईल. मंगलाष्टकं मोजकीच आहेत. उशिरा येणाऱ्याला नवरा-नवरी पंगतीतच सापडतील.

आहेर व पुष्पगुच्छ स्वीकारले जाणार नाहीत. येताना भूक तेवढी घेऊन या.

आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं! जेवणात कुंदा आहे. आम्ही दोनदा घेणार!

आहेराच्या ओळीचा क्रम मुद्दाम असा आहे. आधी स्पष्ट नकार, मग गंमत. नुसतंच ‘भूक घेऊन या’ लिहिलंत तर निम्मे लोक पाकीट आणतील, आणि मांडवात प्रत्येकाचं पाकीट परत करताना तुमचे काका घामाघूम होतील. वेळेच्या ओळीतही आधी माहिती आहे, मग चिमटा. हसू न आलेल्या माणसालासुद्धा वेळ कळली पाहिजे.

‘विकेट पडली’, ‘जन्मठेप’ असले विनोद नकोत. ते शिळे झालेत, शिवाय त्यांचा रोख नेहमी नव्या सुनेवर जातो, आणि पत्रिका तर तिच्या माहेरच्या कपाटात वर्षानुवर्षं राहते. जेवण, उशीर, बारकी पोरं यांवरची गंमत कुणालाच बोचत नाही.

शक हमखास चुकतो. गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करायचे, जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. तुमचं लग्न पाडव्याआधी, म्हणून २०२७ वजा ७९, म्हणजे १९४८. गेल्या वर्षीच्या नमुन्यात तारीख बदलून छापणारे इथेच फसतात. तिथी पंचांगातून भटजींकडून लिहून घ्या.

कन्नड मजकूर मागच्या बाजूला द्या आणि त्यात गंमत टाकू नका. ‘पंगतीत सापडतील’ची मजा शब्दशः उतरत नाही, वाचणाऱ्याला तो टोमणा वाटू शकतो. नावं, तारीख, वेळ, स्थळ आणि आहेर नको, एवढं पुरे. ‘अक्षतारोपण’ हा शब्द आपल्या भागातल्या कन्नड पत्रिकांतही चालतो, तो तसाच ठेवा. नावं मात्र कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्या. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. मराठी नावात कुठे कोणता लिहायचा, ते त्यालाच ठरवू द्या. मराठी टाइप करणाऱ्याला हा फरक दिसत नाही आणि सासरच्यांना पहिल्या नजरेत दिसतो.

वधूवरांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच छापा. विवाह नोंदणीच्या वेळी पुरावा म्हणून पत्रिका मागतात. तिथे ‘पिंकी’ आणि ‘बाळू’ असले तर पंचाईत होते. लाडाची नावं घालायचीच असतील तर पोरांच्या ओळीत घाला: ‘आमच्या पिंकी मावशीच्या लग्नाला यायचं हं!’