माइंड मॅपच्या फांद्यांतून क्रमांकित रूपरेषा कशी काढावी?

प्रश्न: स्पर्धा परीक्षेसाठी नद्यांचा माइंड मॅप केला होता. त्याच्या फांद्या आता फाइलमध्ये नुसत्या ओळींसारख्या टाइप झाल्या आहेत. १, १.१, १.१.१ असे क्रमांक द्यायला घेतले की मध्येच गोंधळ होतो. व्यवस्थित रूपरेषा कशी करू?

उत्तर:

क्रमांक सगळ्यात शेवटी द्या. गोंधळ क्रमांकांचा नसतो. कोण कुणाच्या खाली आहे हे ठरण्याआधीच आकडे पडतात, म्हणून तो होतो. कागदावर रेघ ओढलेली असते म्हणून नातं दिसतं. टाइप करताना रेघ जाते आणि नुसती नावं उरतात. तुमची फाइल साधारण अशी असणार:

```
महाराष्ट्रातील नद्या
गोदावरी - ब्रह्मगिरी, दारणा, पूर्णा, प्रवरा, जायकवाडी
कृष्णा महाबळेश्वर पंचगंगा कोयना धोम कोयना धरण
तापी: मुलताई, गिरणा, पूर्णा, हतनूर
```

आधी स्वल्पविराम, डॅश, कोलन काढून एका ओळीत एकच गोष्ट ठेवा. मग प्रत्येक ओळीला विचारा: हे कुणाचं? इथे ‘पूर्णा’ दोनदा आली आहे. दुसऱ्यांदा चुकून टाइप झाली असं समजून एक पुसू नका, कारण या दोन वेगळ्या नद्या आहेत. एक अजिंठ्याच्या डोंगरातून निघून गोदावरीला मिळते, दुसरी सातपुड्यातून येऊन चांगदेवजवळ तापीला. म्हणून फाइल साफ करताना सारख्या ओळी आपोआप काढून टाकणारी सोय वापरू नका.

‘कोयना धरण’ही असंच फसवतं. मॅपवर ते कृष्णेच्या फांदीजवळ लिहिलेलं असतं, पण ते धरण कोयनेवर आहे, त्यामुळे ते कोयनेच्या खाली जाईल. धोम मात्र खुद्द कृष्णेवर आहे.

आता भावंडं एका जातीची आहेत का ते पाहा. ब्रह्मगिरी हा उगम, दारणा ही उपनदी, जायकवाडी हे धरण. ही तिन्ही एकाच पातळीवर ठेवली तर क्रमांक बरोबर पडूनही वाचणाऱ्याला काही कळत नाही. मॅपमध्ये रंग किंवा जागा पाहून फरक समजत होता, तो इथे शब्दांत लिहावा लागतो. म्हणून ‘उगम’, ‘उपनद्या’, ‘धरण’ ही मॅपवर नसलेली मधली नावं तुम्ही घाला आणि प्रत्येक नदीखाली त्यांचा क्रम तोच ठेवा. उपनद्या उगमाकडून मुखाकडे जशा मिळतात तशा लावा. एखाद्या नावाखाली एकच गोष्ट असेल तर तिच्यासाठी नवी पातळी उघडू नका, त्याच ओळीत लिहा.

```
महाराष्ट्रातील नद्या
१ गोदावरी
  १.१ उगम: ब्रह्मगिरी
  १.२ उपनद्या
    १.२.१ दारणा
    १.२.२ प्रवरा
    १.२.३ पूर्णा (गोदावरीची)
  १.३ धरण: जायकवाडी
२ कृष्णा
  २.१ उगम: महाबळेश्वर
  २.२ उपनद्या
    २.२.१ कोयना (धरण: कोयना)
    २.२.२ पंचगंगा
  २.३ धरण: धोम
३ तापी
  ३.१ उगम: मुलताई
  ३.२ उपनद्या
    ३.२.१ पूर्णा (तापीची)
    ३.२.२ गिरणा
  ३.३ धरण: हतनूर
```

आता नदीच्या क्रमांकानंतर लगेच .२ दिसलं की उपनद्या, मग नदी कोणतीही असो. उजळणीला हे फार उपयोगी पडतं. एखाद्या नदीचं धरण तुमच्या टिपणात नसेल तरी ‘धरण: –’ अशी ओळ राहू द्या. ती काढली आणि पुढे ‘शहरं’ असं सदर जोडलं, तर त्या एका नदीत .३ म्हणजे शहरं होतील.

मॅपच्या मधल्या वर्तुळातल्या नावाला क्रमांक दिलेला नाही, हेही लक्षात घ्या. ते शीर्षक आहे. त्याला १ दिला तर सगळ्या नद्या १.१, १.२ होतात आणि प्रत्येक ओळीत पुढचा ‘१.’ विनाकारण फिरत राहतो.

हे आकडे हाताने टाइप करू नका. वर्डमध्ये ओळी निवडून `Multilevel List` मधली १, १.१, १.१.१ अशी यादी लावा. ओळीच्या सुरुवातीला `Tab` दाबलं की ती एक पातळी खाली जाते, `Shift+Tab` ने वर येते. मग प्रवरेच्या पुढे सिंदफणा घातली की पूर्णा आपोआप १.२.४ होते. मात्र मजकुरात तुम्ही हाताने ‘पाहा १.२.३’ लिहिलं असेल तर ते बदलत नाही आणि सिंदफणेकडे बोट दाखवू लागतं. मॅपवरच्या दोन फांद्यांना जोडणाऱ्या आडव्या रेघा अशाच संदर्भांनी दाखवाव्या लागतात, म्हणून ते `Cross-reference` मधून घाला. बदल झाल्यावर `Ctrl+A` आणि `F9` दाबलं की ते ताजे होतात.