हँडओव्हरचं पत्र लिहिताना

डॅशबोर्ड सोपवताना पत्रात आधी लिही की रिफ्रेश कुणाच्या खात्यावरून चालतो. माझा पहिला पॉवर बीआय डॅशबोर्ड माझ्याच लॉगिनवर राहिला. क्लायंटच्या अकाउंटंटने एक्सेलमध्ये `Amount` चं `Amt` केलं. कॉलम सापडेना म्हणून सलग 4 रिफ्रेश फसले आणि शेड्यूल आपोआप बंद पडलं. फेल्युअरचे मेल माझ्याकडे, तेही न उघडलेले! क्लायंट आठवडाभर जुनेच आकडे बघत बसला.

म्हणून मालकी क्लायंटच्या खात्यावर दे आणि ‘शेवटचं अपडेट’ पहिल्याच पानावर दाखव. देखभालीत सरळ लिही: माझ्या सूत्रातली चूक 30 दिवस मोफत, तुम्ही कॉलमचं नाव, फोल्डर किंवा पासवर्ड बदललात तर तासाचे पैसे. नवा चार्ट म्हणजे नवं काम, हेही लिही. ‘छोटंसंच आहे हो’ तिथूनच सुरू होतं.