मते २० टक्के, जागा शून्य: असे कसे?

प्रश्न: एखाद्या पक्षाला भरपूर टक्के मते मिळूनही जागा इतक्या कमी कशा येतात?

मतांची टक्केवारी सगळ्या मतदारसंघांतली मते एकत्र करून काढतात. जागा मात्र प्रत्येक मतदारसंघात स्वतंत्र ठरते आणि तिथे सर्वाधिक मते मिळवणारा एकच जण निवडून येतो. हरलेल्या उमेदवाराची मते टक्केवारीत धरली जातात, पण त्यातून जागा मिळत नाही.

२०१४ ची उत्तर प्रदेशातली लोकसभा निवडणूक पाहा. बसपाला तिथे जवळपास २० टक्के मते मिळाली, पण ८० पैकी एकही जागा नाही. काँग्रेसला साडेसात टक्क्यांच्या आसपास मते, तरी रायबरेली आणि अमेठी या दोन जागा आल्या. बसपाची मते राज्यभर विखुरलेली होती, त्यामुळे अनेक ठिकाणी उमेदवार दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर राहिले. काँग्रेसची मते या दोन ठिकाणी एकवटली होती.

भाजपला सुमारे ४२ टक्के मतांवर ७१ जागा मिळाल्या, कारण विरोधी मते सपा, बसपा आणि काँग्रेसमध्ये वाटली गेली. चौरंगी लढतीत ४० टक्केही जिंकायला पुरतात; सरळ लढत असती तर तेवढ्यावर हार झाली असती. म्हणून युती झाली की मते फारशी न हलताही जागा उलटसुलट होतात.